एकरकमी की हप्त्यांनी? जॅकपॉटच्या आजच्या किमतीचा हिशेब

अमेरिकेतील पॉवरबॉल लॉटरीत ७ नोव्हेंबर २०२२ च्या सोडतीसाठी २०४ कोटी डॉलरचा जॅकपॉट जाहीर झाला होता. कॅलिफोर्नियात विकलेल्या एका तिकिटाला तो लागला आणि विजेत्याने एकरकमी बक्षीस घेतले. त्याची रक्कम होती ९९.७६ कोटी डॉलर, म्हणजे जाहीर आकड्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी. ही कपात कराची नव्हती. कर त्यानंतर कापला जातो. जाहीर केलेले २०४ कोटी डॉलर ही हप्त्यांची बेरीज होती, तर ९९.७६ कोटी डॉलर ही त्याच बक्षिसाची रोख किंमत. पैसा केव्हा मिळतो यावर त्याची किंमत ठरते. वेगवेगळ्या वर्षी मिळणाऱ्या रकमा नुसत्या बेरजेने एकत्र केल्या की आकडा फुगतो.

पॉवरबॉलचे हप्त्यांचे बक्षीस ३० हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता लगेच हाती येतो आणि पुढचे २९ दरवर्षी एक याप्रमाणे येतात. प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्यापेक्षा ५ टक्क्यांनी मोठा असतो. या रचनेत सर्व हप्त्यांची बेरीज पहिल्या हप्त्याच्या सुमारे ६६.४४ पट भरते. त्यामुळे २०४ कोटींच्या जॅकपॉटचा पहिला हप्ता सुमारे ३.०७ कोटी डॉलरचा आणि शेवटचा सुमारे १२.६४ कोटी डॉलरचा होता. विजेता मधल्या काळात मरण पावला, तर उरलेले हप्ते वारसांकडे जातात. आयुर्मानाचा प्रश्न म्हणूनच या हिशेबात येत नाही. माणूस हयात असेपर्यंतच मिळणाऱ्या पेन्शनपेक्षा ही गोष्ट वेगळी आहे.

एकरकमी रक्कम आणि हप्ते यांची तुलना करायची, तर दोन्ही एकाच दिवसाच्या किमतीत मांडावे लागतात. त्यासाठी प्रत्येक हप्त्याचे वर्तमान मूल्य काढतात. वर्षाला ५ टक्के व्याज मिळत असेल, तर आजचे १०० डॉलर वर्षभराने १०५ होतात. म्हणून वर्षभराने मिळणाऱ्या १०५ डॉलरचे आजचे मूल्य १०० डॉलर. हप्ता जितक्या वर्षांनी मिळणार असेल, तितक्या वेळा त्याला १.०५ ने भागायचे. भविष्यातली रक्कम आजच्या किमतीत आणण्यासाठी जो टक्का वापरला, त्याला वटाव दर म्हणतात. सगळा निकाल या एका टक्क्यावर अवलंबून असतो.

पॉवरबॉलच्या बाबतीत ५ टक्के वटाव दर घेतला, तर हिशेब तोंडी करता येतो. हप्ता दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतो आणि वटावाने तेवढाच घटतो, म्हणून प्रत्येक हप्त्याचे आजचे मूल्य पहिल्या हप्त्याइतकेच राहते. ३.०७ कोटींचे ३० हप्ते म्हणजे सुमारे ९२.१ कोटी डॉलर. ९९.७६ कोटींची रोख रक्कम त्याहून मोठी असल्याने ५ टक्क्यांना एकरकमी बक्षीस सरस ठरते. दर ४ टक्के धरला, तर हप्त्यांचे मूल्य सुमारे १०६ कोटी होते आणि पारडे हप्त्यांकडे झुकते. ८ टक्के धरला, तर ते जेमतेम ६३ कोटींवर येते. हप्ते तेच असूनही केवळ दर बदलल्याने उत्तर उलटते.

म्हणून दर आधी मनाशी धरण्याऐवजी हिशेब उलट्या बाजूने केलेला बरा. कोणत्या दराने हप्त्यांचे वर्तमान मूल्य बरोबर ९९.७६ कोटी येते, हे शोधायचे. या सोडतीसाठी तो दर सुमारे ४.४ टक्के निघतो. हा समतोल दर. याचा अर्थ असा की रोख रक्कम नाकारून हप्ते घेणारा विजेता आपले ९९.७६ कोटी वर्षाला सुमारे ४.४ टक्के दराने ३० वर्षांच्या योजनेत गुंतवत असतो. एवढीच सुरक्षितता राखून त्याला बाहेर यापेक्षा जास्त परतावा मिळत असेल तर रोख रक्कम घ्यावी; मिळत नसेल तर हप्ते.

हा ४.४ टक्क्यांचा आकडा लॉटरी चालवणाऱ्यांच्या मर्जीने ठरलेला नाही. बक्षिसासाठी जमलेली रोकड सरकारी रोख्यांत गुंतवली, तर तिच्यातून जेवढे हप्ते देता येतील, त्यांची बेरीज जाहिरातीत झळकते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी सरकारच्या ३० वर्षांच्या रोख्यांवर सव्वाचार टक्क्यांहून थोडे जास्त व्याज मिळत होते. जानेवारी २०१६ मध्ये हेच व्याज ३ टक्क्यांच्या आसपास होते. त्या महिन्यातल्या १५८.६ कोटी डॉलरच्या जॅकपॉटची रोख किंमत ९८.३५ कोटी होती आणि तिचा समतोल दर २.८ टक्क्यांच्या जवळ येतो. दोन्ही वेळी प्रत्यक्ष रोकड जवळपास सारखीच होती. तरी २०१६ मध्ये ती जाहीर आकड्याच्या ६२ टक्के होती आणि २०२२ मध्ये ४९ टक्के. जॅकपॉटचा आकडा मोठा दिसण्यामागे बराच वाटा वाढलेल्या व्याजदरांचा होता.

योग्य वटाव दर निवडण्याची कसोटी यातूनच मिळते. ज्या देण्याची किंमत काढायची, ते जितके खात्रीचे, तितक्याच खात्रीच्या गुंतवणुकीचा दर घ्यावा. सरकारी रोख्यांच्या पाठबळावर मिळणाऱ्या हप्त्यांना शेअर बाजारातला ८ किंवा १० टक्के परतावा लावला, की हप्ते कवडीमोल वाटू लागतात. पण तो परतावा जोखीम पत्करून मिळतो आणि एखाद्या दशकात मिळतही नाही. शेअर बाजारात उतरण्याची तयारी असणाऱ्याने रोख रक्कम जरूर घ्यावी, पण त्याला मिळणारा जास्तीचा परतावा हा जोखमीचा मोबदला आहे हे ओळखून. महागाईच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. हप्ते डॉलरच्या प्रत्यक्ष आकड्यात ठेवायचे आणि दरातून मात्र महागाई वजा करायची, असे केल्यास हप्त्यांचे मूल्य अवाजवी फुगते. महागाई वगळायची असेल तर दोन्हीकडून वगळावी, नाहीतर कुठेच वगळू नये.

कर धरला की चित्र आणखी बदलते. कॅलिफोर्निया लॉटरीच्या बक्षिसावर राज्याचा आयकर लावत नाही, पण केंद्रीय आयकराचा सर्वोच्च दर ३७ टक्के आहे. एकरकमी रक्कम घेतल्यास जवळजवळ सगळ्या रकमेवर त्याच वर्षी कर लागतो आणि हाती सुमारे ६२.८ कोटी उरतात. हप्त्यांवर कर लागतो तो ज्या त्या वर्षी. दोन्ही बाजूंना ३७ टक्केच कापले, तर समतोल दर ४.४ टक्केच राहतो. पण आता तो करोत्तर दर असतो. एकरकमी रक्कम गुंतवणाऱ्याला व्याजावरही दरवर्षी कर भरावा लागतो. ३७ टक्के कर भरून ४.४ टक्के हाती उरायला हवे असतील, तर मुळात सुमारे ७ टक्के व्याज मिळायला हवे. त्या वेळच्या सरकारी रोख्यांवर ते मिळत नव्हते. न मिळालेल्या हप्त्यांवरचे व्याज करमुक्त वाढत राहते, हा हप्त्यांचा मोठा आणि सहसा दुर्लक्षित फायदा आहे. पुढच्या ३० वर्षांत कराचे दर वाढले, तर तो कमी होईल. शेअरवरील दीर्घकालीन नफ्याला कमी कर लागत असल्याने तशा गुंतवणुकीपुढेही तो आकसतो.

हा हिशेब संगणकाच्या तक्त्यावर करताना एक चूक हमखास होते. `NPV` हे सूत्र यादीतली पहिली रक्कम वर्षभराने मिळेल असे धरते, पण लॉटरीचा पहिला हप्ता आजच मिळतो. तो सूत्राबाहेर ठेवून मिळवावा लागतो. ३० हप्ते `A1` ते `A30` या घरांत भरले असतील, तर सूत्र असे लिहावे:

```
=A1+NPV(0.05,A2:A30)
```

उत्तर पहिल्या हप्त्याच्या बरोबर ३० पट आले, तर मांडणी बरोबर. ते सुमारे २८.५७ पट आले, तर पहिला हप्ताही चुकून एक वर्ष पुढे ढकलला गेला आहे.

अपघाताच्या नुकसानभरपाईवर येणारा सौदा हे याच गणिताचे दुसरे रूप आहे. अमेरिकेत गंभीर इजेची भरपाई अनेकदा विमा कंपनीमार्फत वर्षानुवर्षे हप्त्यांनी दिली जाते. पैशांची नड पडली की हे हप्ते विकत घेणाऱ्या कंपन्या रोख रकमेचा प्रस्ताव देतात. समजा, एका जखमी कामगाराला पुढची २० वर्षे दरवर्षी २०,००० डॉलर मिळणार आहेत आणि पहिला हप्ता वर्षभराने आहे. त्याला सर्व हप्त्यांच्या बदल्यात आज १,४०,००० डॉलर देऊ केले जातात. हप्त्यांची बेरीज ४ लाख भरते, पण तिच्याशी तुलना करणे योग्य नाही. साडेचार टक्के दराने हप्त्यांचे वर्तमान मूल्य सुमारे २,६०,००० डॉलर येते. तुलना या आकड्याशी करायची, आणि देऊ केलेली रक्कम त्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त आहे.

उलट्या बाजूने पाहिले तर सौद्याचे खरे रूप दिसते. पहिल्या घरात १४०००० आणि पुढच्या २० घरांत -२०००० भरून सूत्र चालवायचे:

```
=IRR(A1:A21)
```

उत्तर सुमारे १३ टक्के येते. हप्ते विकणे म्हणजे वर्षाला १३ टक्के व्याजाने २० वर्षांचे कर्ज काढणे. शिवाय शारीरिक इजेच्या भरपाईचे हप्ते अमेरिकेत करमुक्त असतात, तर त्यांच्या बदल्यात मिळालेली रक्कम गुंतवली की तिच्या व्याजावर कर लागतो. शुल्क आणि इतर कपात वजा जाता प्रत्यक्ष हाती येणारी रक्कमच पहिल्या घरात भरावी, म्हणजे व्याजदर लपून राहत नाही. अशा सौद्यांत होणारी पिळवणूक पाहून अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि २००२ पासून न्यायालयाच्या मंजुरीशिवाय हप्ते विकत घेणाऱ्या कंपनीवर वटावाच्या रकमेच्या ४० टक्के इतका कर लावला.

तरीही १३ टक्क्यांचा सौदा प्रत्येकासाठी चूक ठरत नाही. ज्याच्या डोक्यावर २० टक्के व्याजाचे कर्ज आहे, त्याचा वटाव दर त्या कर्जापुरता २० टक्केच आहे, आणि ते फेडण्याइतके हप्ते विकणे त्याच्या फायद्याचे असते. कर्ज फिटेल एवढेच हप्ते विकावेत, बाकीचे राखून ठेवावेत. एकरकमी रकमेचा कोणताही प्रस्ताव समोर आला की आधी त्याचा समतोल दर काढावा, त्यातला कर पाहावा आणि मगच तो दर आपल्याला खात्रीने मिळू शकणाऱ्या करोत्तर व्याजाशी किंवा आपल्या कर्जाच्या व्याजाशी ताडून पाहावा. ही ताडणी होईपर्यंत सही करू नये.