गोंगाट वाटून घेतल्याने कमी होतो का?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या फौंड्रीत साच्यात ओतलेलं लोखंड थंड झालं, की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात. या नॉक-आउटच्या जागी सांगाडा हादरवून वाळू झाडली जाते. तिथून कास्टिंग फेटलिंगला जातं. कडेला उरलेलं जादा लोखंड ग्राइंडरने घासून काढायचं असतं. तिथे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ओरडूनच सांगावं लागतं. त्या मानाने तपासणीच्या टेबलावर बरीच शांतता असते.

अशा कारखान्यात कोणाचे कान जाऊ नयेत म्हणून एक तोडगा हमखास सुचतो, तो म्हणजे माणसं फिरवायची. सकाळी ग्राइंडरवर असलेला कामगार जेवणानंतर तपासणीला आणि तपासणीवाला ग्राइंडरला. कोणा एकालाच सगळा त्रास नको, सगळ्यांनी थोडा थोडा सोसावा, हा विचार न्यायाचा वाटतो. पण या अदलाबदलीमागे एक हिशेब असतो. तो न मांडता माणसं फिरवली, तर आधी सुरक्षित असलेल्यांचे कानही धोक्यात येतात.

आवाज किती मोठा आणि तो किती वेळ कानावर पडला, या दोन्ही गोष्टी मिळून कानाचं नुकसान ठरतं. म्हणून मर्यादाही वेळेच्या रूपात दिलेली असते. आपल्याकडच्या कारखान्यांत रूढ असलेल्या कोष्टकानुसार 90 डेसिबलच्या आवाजात दिवसाला 8 तास काम करता येतं, 95 मध्ये 4 तास, 100 मध्ये 2 तास आणि 105 मध्ये फक्त 1 तास. थोडक्यात, दर 5 डेसिबलला वेळ निम्मा होतो. यावरून रोजची ‘मात्रा’ काढतात. परवानगीचा वेळ पूर्ण वापरला, तर मात्रा 100 टक्के. 100 डेसिबलच्या जागी 2 तासांऐवजी 8 तास काढले, तर मात्रा 400 टक्के. दिवसभरात वेगवेगळ्या जागी काम केलं असेल, तर प्रत्येक जागेची मात्रा काढून बेरीज करायची.

आता हिशेबासाठी चार जागा आणि चार कामगार घेऊ. फेटलिंगला 100 डेसिबल, नॉक-आउटला 95, मोल्डिंगला 90 आणि तपासणीला 80. प्रत्येकजण आपल्याच जागी 8 तास थांबला, तर फेटलिंगवाल्याची मात्रा 400 टक्के, नॉक-आउटवाल्याची 200, मोल्डिंगवाल्याची 100 आणि तपासणीवाल्याची 25. म्हणजे दोघे मर्यादेच्या बाहेर, एक अगदी काठावर आणि एक सुरक्षित.

चौघांना दर दोन तासांनी फिरवलं, तर दिवसाअखेरीस प्रत्येकाने प्रत्येक जागी दोन तास काढलेले असतील. चार मात्रांची बेरीज 725 टक्के होते. ती चौघांत सारखी वाटली, की प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 181 टक्के येतात. आधी दोघे मर्यादेबाहेर होते, आता चौघेही आहेत. फेटलिंगवाल्याचा भार निम्म्याहून कमी झाला हे खरं आणि त्याच्या दृष्टीने ते छोटं नाही. पण त्याची किंमत तपासणीवाल्याच्या कानांनी मोजली. त्याची मात्रा 25 वरून 181 वर गेली.

कर्ज चौघांत वाटलं म्हणून फिटत नाही, तशी ही बेरीजही माणसं फिरवून घटत नाही. म्हणून फिरतीचं वेळापत्रक लावण्याआधी सगळ्या जागांच्या मात्रांची बेरीज करावी आणि तिला माणसांच्या संख्येने भागावं. उत्तर 100 च्या वर आलं, तर कोणतंही वेळापत्रक सगळ्यांना मर्यादेत आणू शकत नाही. आपल्या उदाहरणात फक्त फिरतीच्या जोरावर मर्यादा गाठायची, तर तपासणीसारख्या आणखी पाच शांत जागा लागतील. चार कामांच्या शेडमध्ये त्या कुठून आणणार?

म्हणून आधी आवाजाच्या उगमाला हात घालावा लागतो. घासताना कास्टिंग लोखंडी टेबलावर घंटेसारखं घणघणतं. त्याखाली वाळूचा किंवा रबराचा थर दिला आणि ग्राइंडरभोवती आवाज शोषणारे पडदे लावले, असं समजा, आणि 100 चे 95 डेसिबल झाले. नॉक-आउटला बंदिस्त कक्ष केला आणि 95 चे 90 झाले. मोल्डिंगच्या जागी साचा साफ करायला दाबाची हवा मारतात, तिच्या नळीला कमी आवाजाचं तोंड बसवलं आणि 90 चे 85 झाले. आता मात्रा अनुक्रमे 200, 100, 50 आणि 25 टक्के होतात. बेरीज 375, प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 94. आता फिरती उपयोगाची ठरते, कारण वाटून घ्यायचा भारच निम्म्यावर आला आहे. यंत्रांत बदल न करता हेच वेळापत्रक निरुपयोगी होतं.

मात्र हे 94 टक्के ज्या मापाने काढले, ते मापच सैल आहे. दर 5 डेसिबलला वेळ निम्मा करण्याचा नियम अमेरिकेत 1969 मध्ये आला. कामाच्या मधल्या शांत वेळेत कान सावरतो, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. भौतिकशास्त्र मात्र सांगतं, की ध्वनीची ऊर्जा 3 डेसिबललाच दुप्पट होते. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, 1998 मध्ये 85 डेसिबलला 8 तास आणि पुढे दर 3 डेसिबलला निम्मा वेळ, अशी शिफारस केली. या मापाने 100 डेसिबलमध्ये फक्त 15 मिनिटं थांबता येतं. ती एक जागा 8 तास चालवायची, तर फिरतीला 32 माणसं लागतील. सुधारणा करून 94 टक्क्यांवर आणलेली आपली मात्रा याच मापाने सुमारे 364 टक्के निघते. नायॉशच्याच अंदाजानुसार कामाची 40 वर्षं रोज 90 डेसिबलमध्ये काढणाऱ्या दर चौघांपैकी सुमारे एकाची श्रवणशक्ती आवाजामुळे लक्षणीय बिघडते. म्हणून कायद्याची मर्यादा पाळली जात असली, तरी कान झाकण्याचं साधन काढून टाकता येत नाही. ते साधन पूर्ण वेळ वापरणंही तितकंच आवश्यक आहे. 30 डेसिबलचं संरक्षण देणारं साधन 8 तासांतला अर्धा तास जरी काढून ठेवलं, तरी दिवसभराचं प्रत्यक्ष संरक्षण सुमारे 12 डेसिबलच उरतं.

शांत वेळेत कान सावरतो, हे गृहीतक आता आणखी डळमळलं आहे. आतल्या कानातल्या शंखाच्या आकाराच्या भागात सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात. पाळी सुटल्यावर कानात गुंजारव येतो, बोलणं दबलेलं वाटतं आणि सकाळपर्यंत पुन्हा नीट ऐकू येतं. पेशी मेल्या तर माणसात त्या परत उगवत नाहीत, हे माहीत होतं. 2009 मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दाखवली. ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि श्रवणतंत्रिका यांच्यातले बरेच दुवे कायमचे तुटलेले होते. सकाळी नीट ऐकू आलं म्हणजे कान सावरला, असं ठामपणे म्हणता येत नाही.

उष्णतेसाठी माणसं फिरवायची, तर हाच हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे शरीर खरोखर सावरतं. थंड जागी बसलं, पाणी प्यायलं, की शरीराचं तापमान उतरतं. पण ते चढतंही लवकर, म्हणून उष्णतेची सरासरी दिवसावर नव्हे, तर तासावर काढतात. भट्टीसमोर सलग दोन तास आणि मग दोन तास सावलीत, ही फिरती दिवसाच्या सरासरीत ठीक दिसेल आणि माणूस पहिल्याच तासात कोसळू शकेल. तिथे अदलाबदल मिनिटांच्या हिशेबाने करावी लागते. शिवाय उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे रोज त्या वातावरणात काम करावं लागतं. अधूनमधून बदली म्हणून भट्टीवर पाठवलेल्या कामगाराला ती सवय झालेलीच नसते. सर्वाधिक धोका त्यालाच असतो.

फौंड्रीतली फिरती फसते ती बहुधा दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे शांत समजलेली जागा शांत नसते. पत्र्याच्या एकाच शेडमध्ये ग्राइंडर चालू असताना तपासणीच्या टेबलावर 80 डेसिबल क्वचितच मिळतील. बाकीची यंत्रं बंद ठेवून घेतलेलं मोजमाप इथे कामाचं नाही. कामगाराच्या खांद्यावर लावलेला डोसमीटर पाळीभर ठेवला, तरच खरी मात्रा कळते. दुसरं म्हणजे वेळापत्रक भिंतीवर राहतं. फेटलिंगचं काम नगावर दिलेलं असेल, तर हात बसलेला कामगार मोल्डिंगला जायला तयार होत नाही, कारण त्याची मजुरी बुडते. माल तातडीने पाठवायचा असला, की सुपरवायझरही त्याला तिथेच ठेवतो. त्यात ओव्हरटाइम आला, तर हिशेब पुन्हा बदलतो. 12 तासांच्या पाळीसाठी सैल मापानेही मर्यादा 90 वरून साधारण 87 डेसिबलवर येते.

फिरती लागू पडते आहे की नाही, याची शेवटची साक्ष श्रवणतपासणी देते. गोंगाटाचा मार बहुतेक वेळा आधी 4000 हर्ट्‌झच्या आसपास दिसतो आणि आलेखात तिथे खाच पडते. तेव्हा माणसाला आपलं काही बिघडलंय असं वाटतही नसतं. नंतर ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे ध्वनी निसटू लागतात. आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाहीत. पहिली तपासणी किमान 14 तास गोंगाटापासून दूर राहिल्यावर करावी, म्हणजे तात्पुरता थकवा कायमच्या दोषात मिसळत नाही. पुढे दरवर्षीच्या तपासणीत 2000, 3000 आणि 4000 हर्ट्‌झची सरासरी पहिल्यापेक्षा 10 डेसिबलने घसरली, तर बंदोबस्त अपुरा आहे असं समजावं. आणि ती घसरण पूर्वी शांत जागी बसणाऱ्याच्या आलेखात दिसू लागली, तर फिरतीने धोका हटवला नाही, पसरवला.

कामगारांच्या फिरतीचा कागद सहीसाठी समोर आला, की व्यवस्थापकाने आणि युनियनच्या प्रतिनिधीनेही त्याच्यासोबत मात्रांची बेरीज मागावी. ती भागून 100 च्या वर जात असेल, तर सही थांबवावी आणि खर्च आधी यंत्राचा आवाज उतरवण्यावर करावा. कामगारांनी आपल्या श्रवणतपासणीच्या आलेखाची प्रत दरवर्षी मागून घरी जपून ठेवावी आणि मागच्या वर्षीच्या आलेखाशी ताडून पाहावी.