मसुदा कुणासाठी, कशासाठी?

सोसायटीच्या थकबाकीचा ईमेल दुसऱ्याकडून सुधारून घेताना ‘जरा नीट कर’ एवढंच सांगितलं, तर फक्त शब्द बदलतात. त्याऐवजी असं सांगा: ‘वाचणारे निवृत्त सभासद आहेत, तीन महिन्यांची वर्गणी राहिली आहे. त्यांनी १५ तारखेपर्यंत पैसे भरावेत किंवा अडचण कळवावी. सूर आदराचा, पण मुदत पक्की.’

पहिल्या सुधारणेत ‘अन्यथा कारवाई’ आलं, तर ‘सौम्य कर’ म्हणू नका. सूर सौम्य होताना मुदतही गळते. ‘धमकीचं वाक्य काढ, तारीख पहिल्या ओळीत आण, बाकी तसंच ठेव’ असं सांगा. मग विषय माहीत नसलेल्या कुणालाही तो मसुदा वाचायला द्या. काय करायचं आणि कधीपर्यंत, हे त्याला सांगता आलं नाही, तर ईमेल पाठवू नका.