गाणं फुकट, पण अटी कोणत्या?

समजा, देवगडच्या एका हापूस बागायतदाराला हंगामाआधी दोन मिनिटांची जाहिरात हवी आहे. बागेचं चित्रीकरण झालं. एडिटरने त्याला दोन गोष्टी नेटवरून जोडल्या: गजबजलेल्या बाजारपेठेची एक स्टॉक क्लिप आणि खाली वाजणारी बासरीची मोफत धून. दोन्ही डाउनलोड झाल्या, पैसे लागले नाहीत. तरीही ही जाहिरात या दोन्हींसह प्रसिद्ध करता येणार नाही. कारण डाउनलोडच्या बटणाशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

क्लिपच्या पानावर ‘Editorial use only’ असं होतं. म्हणजे ही दृश्यं बातमीत, माहितीपटात, अभ्यासाच्या व्हिडिओत वापरा; माल विकण्यासाठी नको. बाजारातल्या ज्या माणसांचे चेहरे ओळखू येतात, त्यांनी जाहिरातीत दिसायला लेखी संमती दिलेली नसते. दुकानांच्या पाट्यांवरची बोधचिन्हंही कुणाच्या तरी मालकीची असतात. अशा संमतीपत्राला या व्यवसायात ‘मॉडेल रिलीज’ म्हणतात. जाहिरातीसाठी क्लिप निवडताना ते आहे का, हे पाहायचं. ते नसेल, तर चेहरे आणि पाट्या नसलेलं दृश्य घेणं सुरक्षित. इथे आमराईचं किंवा समुद्राचं.

धुनेची अडचण जास्त फसवी आहे. तिच्याखाली ‘CC BY-NC-ND’ ही अक्षरं होती. हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना. या संस्थेने 2002 साली असे तयार परवाने आणले आणि आज असंख्य कलावंत ते वापरतात. BY म्हणजे श्रेय द्या. NC म्हणजे व्यापारी वापर नको. आंबा विकायची जाहिरात इथेच बाद होते. ND म्हणजे मूळ कृतीत बदल करून ती पुढे देऊ नका. इथे बरेच जण म्हणतात, ‘‘आम्ही धून कापली नाही, जशीच्या तशी लावली.’’ पण हलत्या चित्राशी संगीताची वेळ जुळवणं हाच या परवान्यांनुसार बदल ठरतो. त्यामुळे ND असलेली धून शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या, एक रुपयाही न कमावणाऱ्या व्हिडिओखालीसुद्धा प्रसिद्ध करता येत नाही. SA असेल तर वापर चालतो, पण मग तुमचा व्हिडिओही तशाच परवान्याखाली इतरांसाठी खुला करावा लागतो. बागायतदाराला ते बहुधा परवडणार नाही.

मग उरतं काय? फक्त BY असलेली धून, किंवा श्रेयाचीही अट नसलेली CC0. अमेरिकन संगीतकार केविन मॅक्लाउड यांच्या अनेक धुना BY परवान्यावर मिळतात. त्यातली एक घेतली तर व्हिडिओच्या वर्णनात असं लिहायचं:

```
"Carefree" Kevin MacLeod (incompetech.com)
Licensed under Creative Commons: By Attribution 4.0
https://creativecommons.org/licenses/by/4.0/
```

धुनेचं नाव, कलावंत, स्रोत आणि परवान्याचा दुवा, चारही गोष्टी त्यात आल्या. धून कापली किंवा बदलली असेल तर तेही नोंदवायचं. नुसतं ‘संगीत: इंटरनेटवरून साभार’ लिहून अट पुरी होत नाही.

‘जुनं गाणं घेतलं तर?’ हा पुढचा प्रश्न. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 साली गेले. ‘संगीत सौभद्र’मधली त्यांची पदं आज कुणीही गाऊ शकतो. पण एखाद्या गायकाने अलीकडे केलेलं त्या पदाचं ध्वनिमुद्रण वेगळी मालमत्ता आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झाल्यानंतर 60 वर्षं टिकतो. पद मोकळं असलं, तरी त्याची तबकडी मोकळी असेलच असं नाही.

सगळं नीट करूनही यूट्यूबवर कधी कधी दावा येतो. तिथली कंटेंट आयडी ही यंत्रणा ध्वनी जुळवून पाहते. परवाना वाचत नाही. तीच धून दुसऱ्या कुणी आपल्या गाण्यात वापरून नोंदवली असेल, तरी ती जुळते. असा दावा म्हणजे ‘स्ट्राइक’ नव्हे. बहुतेकदा त्या व्हिडिओची जाहिरात-कमाई दावेदाराकडे वळते, काही वेळा व्हिडिओ अडवला जातो. त्यावर हरकत घेता येते आणि दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. हरकतीत तुमच्याकडे दाखवायला पुरावा लागतो. म्हणून डाउनलोड करतानाच परवान्याच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, दुवा आणि पैसे भरले असतील तर पावती प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवायची. संकेतस्थळं अटी बदलतात. पिक्साबेने 2019 साली CC0 सोडून स्वतःचा परवाना आणला. तुम्ही घेतलं त्या दिवशी काय लिहिलं होतं, हे नंतर शोधून सापडेलच असं नाही.

हे सगळं पहिला कट मारण्याआधी करायचं. दृश्यं एकदा धुनेच्या ठेक्यावर बसवली, की धून बदलणं म्हणजे सगळा व्हिडिओ नव्याने कापणं.