"घसरू नकोस" की "घसरशील!": रशियन आज्ञार्थातली गंमत

कोपरगावात गोदावरीच्या ओल्या घाटावरून पोर धावत सुटलं, की आई "घसरू नकोस" असं क्वचितच म्हणते. ती ओरडते, "अरे, घसरशील!" घसरणं पोराच्या हातात नाही, मग मनाई कशाची करणार? हा फरक मराठी काळ बदलून दाखवते. रशियन तेच काम क्रियापदाचं रूप बदलून करते.

तुम्हाला माहीत असेलच, रशियन क्रियापदं बहुतेक जोडीने येतात: एक अपूर्ण, एक पूर्ण. नकारी आज्ञेत साधारणपणे अपूर्ण रूप येतं. पण चहाचा भरलेला कप घेऊन कुणी निघालं, तर रशियन माणूस पूर्ण रूप वापरून "न्ये प्रल्येय!" म्हणतो, म्हणजे "सांडशील हां". तिथे अपूर्ण "न्ये प्रलिवाय!" म्हटलंत, तर तो मुद्दाम ओततोय किंवा नेहमीच सांडतो, आणि तुम्ही त्याला थांबवताय असा अर्थ होईल. बिचारा चक्रावून बघेल.

ओळखायचं कसं? वाक्याआधी "स्मत्री" (बघ हं) लावून पाहा. "स्मत्री, न्ये प्रल्येय" सहज बसतं, कारण तो इशारा आहे.

कॉर्पसमधून उदाहरणं काढताना मात्र सावध राहा. नकार आणि पूर्ण आज्ञार्थ एवढंच शोधलंत, तर "न्ये दाय बोग" (देव न करो) ढिगाने येईल. "न्ये प्रिदी ओन" अशी वाक्यंही येतील, ज्यांचा अर्थ "तो आला नसता तर" असा असतो. रूप आज्ञार्थाचं, पण आज्ञा कुठेच नाही. ही वाक्यं हाताने वेगळी काढल्याशिवाय मोजदाद करू नका.

होकारी बाजूला गणित उलटंसुलटं वाटतं. पाहुण्याला "सदीत्येस" (अपूर्ण) म्हणतात, म्हणजे "बसा ना". "स्याद्त्ये" (पूर्ण) हेही आदरार्थीच आहे, पण घरी आलेल्या माणसाला ते फर्मावल्यासारखं वाटतं. म्हणून बरेच विद्यार्थी "अपूर्ण म्हणजे नम्र" असं पाठ करतात, आणि तिथेच फसतात. डब्यात अनोळखी माणसाला खिडकी उघडायची विनंती करायची, तर "अत्क्रोय्त्ये अक्नो, पझालुस्ता" हे पूर्ण रूपच हवं. "अत्क्रिवाय्त्ये" म्हटलं तर "उघडा की आता!" असा सूर लागतो.

माझ्या मते इथे नम्रता रूपात नाही, ऐकणाऱ्याला आधी काय माहीत आहे यात आहे. आलेला पाहुणा बसणारच, हे दोघांनाही ठाऊक असतं. अपूर्ण रूप फक्त "करा सुरू" एवढंच म्हणतं, म्हणून ते आमंत्रण ठरतं. खिडकीचं त्या माणसाच्या मनातही नव्हतं. तिथे "करा सुरू" म्हणणं म्हणजे, त्याने ती आधीच उघडायला हवी होती असं सुचवणं.