पडद्याचा पाईप आणि जळलेला बिट

वाशीमच्या आमच्या घराची पुढची खोली विटांची आहे. मागची खोली नंतर पोकळ सिमेंट ब्लॉकांत बांधली. ईदच्या आधी अम्मींनी नवे पडदे शिवून घेतले आणि पाईप बसवायचे काम आमच्याकडे आले.

पुढची भिंत विटांचीच, म्हणून खिडकीच्या वर आम्ही हॅमर बंद ठेवून ड्रिल लावले. प्लास्टर सहज गेले, मग बिट अडला. आम्ही वेग वाढवला, अंगाचा भार टाकला. थोड्याच वेळात बिटचे टोक निळे पडले आणि टोकावरचा कार्बाइडचा तुकडा निखळला. शेजारचे मिस्त्री चाचा आले. त्यांनी खाली पडलेली भुकटी चिमटीत घेतली. “बेटा, विटेची भुकटी लाल निघते. ही राखाडी आहे. खिडकीच्या वर लिंटेल असतं, ते काँक्रीटचं.”

काँक्रीट खरवडून निघत नाही, ते ठोके देऊन फोडावे लागते. हॅमर बंद असेल तर बिट एकाच जागी घासत राहतो, तापतो, आणि कार्बाइड ज्या जोडाने बसवलेले असते तो जोड सैल होतो. चाचांनी नवा बिट लावला आणि आधी मशीन उलटे तर फिरत नाही ना, ते पाहिले. (उलट्या फिरण्यानेही बिट जळतो, हे आम्हाला तेव्हा कळले.) खुणेवर खिळ्याने छोटा खड्डा पाडून त्यांनी हॅमरशिवाय अगदी हळू सुरुवात केली. त्यामुळे बिट सरकला नाही. पाच-सहा मिलिमीटर आत गेल्यावर हॅमर चालू केला. दाब बेताचाच ठेवला आणि भुकटी बाहेर यावी म्हणून अधूनमधून फिरता बिट मागे ओढला. तापलेला बिट मात्र पाण्यात बुडवू दिला नाही. कार्बाइड तडकते, म्हणाले.

दुसऱ्या भोकात पुन्हा अडले आणि चमकदार कण दिसले. ती सळई होती. सळईवर हॅमरचा बिट झिजतो, म्हणून चाचांनी जोर न लावता भोक दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घेतले.

लिंटेलच्या बाजूला, विटेत, काम सोपे होते. वीट मऊ असेल तर हॅमर बंदच बरा, नाहीतर आठच्या बिटने भोक नऊचे होते आणि प्लग आत नुसता फिरतो.

मागच्या खोलीत आम्हीच मशीन हातात घेतले. पोकळ ब्लॉकची बाहेरची भिंत जेमतेम इंच-सव्वा इंच जाड असते. हॅमरच्या ठोक्याने तिचा आतला पापुद्रा उडतो आणि समोरून भोक नीट दिसत असले तरी मागे खड्डा पडतो. म्हणून हॅमर बंद, वेग मध्यम. शेवटी हात एकदम आत जातो, तेव्हा भार काढून घ्यायचा. तिथे साधा प्लग पोकळीत लोंबकळला. मग आत जाऊन गाठीसारखा फुगणारा प्लग आणला. त्यावर पडद्याचा पाईप बसला. अम्मींना तिथेच भांड्यांचे कपाटही टांगायचे होते, त्याला आम्ही नाही म्हटले.