मोत्याची बॅग

गणपतीला गावी जायचं ठरलं की घरातल्या माणसांच्या बॅगा आठवडाभर आधी माळ्यावरून खाली येतात. कुत्र्याचं सामान मात्र निघायच्या आदल्या रात्री आठवतं. मग एका पिशवीत पट्टा, वाटी आणि खाण्याचं उरलेलं पाकीट कोंबलं जातं, आणि लसीकरणाचं कार्ड कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे यावरून शोधाशोध सुरू होते. खरं तर या सामानात सगळ्यात आधी लागतं ते कार्डच, आणि तेही निघण्याच्या महिनाभर आधी. तसं का, हे एका उदाहरणानेच बघू.

समजा, चार वर्षांचा, चौदा किलो वजनाचा एक देशी कुत्रा आहे. नाव मोत्या. त्याला पुण्याहून गाडीने उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटातून गुहागर तालुक्यातल्या गावी न्यायचं आहे. मुक्काम सहा दिवसांचा. दिवस भाद्रपदातले, म्हणजे पाऊस संपलेला नाही, भात उभं आहे, अंगणात आणि बांधांवर पाणी साचलेलं आहे. या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि त्यातून लेप्टो होतो. माणसाला होतो तसाच कुत्र्यालाही होतो. मोत्या डबक्यातलं पाणी पिणार, चिखलात लोळणार, उंदराच्या बिळात नाक खुपसणार. त्याला कोणी अडवू शकत नाही.

म्हणून कार्ड काढायचं आणि त्यावरचे स्टिकर नीट वाचायचे. रेबीजची लस बहुतेकांच्या लक्षात असते. दुसरी असते ती अनेक रोगांवरची एकत्र लस, जिला बोलताना आपण ‘सेव्हन-इन-वन’ किंवा ‘नाइन-इन-वन’ म्हणतो. मात्र यातल्या काही लशींमध्ये लेप्टोचा भाग नसतो. स्टिकरवर रोगांच्या आद्याक्षरांच्या शेवटी ‘एल’ आहे का ते बघा. कळलं नाही तर कार्डाचा फोटो डॉक्टरांना पाठवून विचारा. लेप्टोच्या लशीचा जोर साधारण वर्षभर टिकतो. पहिल्यांदाच द्यायची असेल, किंवा मागचा डोस होऊन वर्षाच्या वर बरेच महिने गेले असतील, तर दोन डोस द्यावे लागतात आणि त्यांच्यात काही आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. दुसऱ्या डोसनंतरही शरीराला थोडे दिवस हवेत. महिनाभर आधी कार्ड बघायचं ते यासाठी. आदल्या दिवशी दिलेली लस कार्डावर दिसते, पण कुत्र्याच्या अंगात अजून तयार झालेली नसते.

रेबीजच्या नोंदीचं काम वेगळं आहे. गावात सणाला पन्नास माणसं येतात-जातात. एखादं पोर मोत्याची शेपटी ओढतं आणि मोत्या दात लावतो. अशा वेळी जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि मुलाला दवाखान्यात न्यायचंच. कार्ड दाखवून ‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे’ एवढ्यावर विषय संपवायचा नसतो. पण तिथल्या डॉक्टरांना शेवटच्या लशीची तारीख आणि बॅच नंबर समोर दिसला, तर त्यांना निर्णय घ्यायला मदत होते. अशा कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात. त्यामुळे तो कुणाचा आहे आणि कुठे राहतो हेही कागदावर असलेलं बरं. मूळ कार्ड बॅगेत, एक झेरॉक्स गाडीत आणि फोटो मोबाइलमध्ये, अशी विभागणी पुरते.

गाडीऐवजी रेल्वेने जाणार असाल तर कागद वाढतात. पशुवैद्यांनी प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी दिलेलं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. फर्स्ट एसीत दोन किंवा चार बर्थचा अख्खा कूपे तुमच्या नावावर असेल तरच कुत्रा तुमच्याबरोबर बसतो, आणि त्याचं वजनानुसार बुकिंग पार्सल ऑफिसमध्ये वेगळं करावं लागतं. टू टिअर, थ्री टिअर, स्लीपरमध्ये त्याला नेता येत नाही. उरतो तो गार्डच्या डब्यातला पिंजरा. अनोळखी आवाजांना बिचकणाऱ्या कुत्र्याला रात्रभर तिथे ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गणपतीच्या गर्दीत कूपे मिळणं अवघडच; मोत्याला गाडीनेच न्यावं.

आता खाणं. गावच्या घरी भात-पोळी भरपूर असते, मग कुत्र्याचं खाणं कशाला वाहून न्यायचं, असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. पण गणपती घरात असताना बहुतेक घरांत अंडं-चिकन शिजत नाही. पुण्यात रोज चिकन-भात खाणारा मोत्या अचानक वरण-भातावर आला की एक तर वाटीकडे पाठ फिरवतो, नाही तर त्याचं पोट बिघडतं. काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, पण त्यातून कुत्र्याच्या वाट्याला येतात ती शिजलेली हाडं. शिजलेलं हाड चावलं की त्याचे टोकदार तुकडे होतात आणि ते आतड्यात रुततात. त्यापेक्षा निघण्याआधी सात-आठ दिवस हळूहळू कोरडं खाणं मिसळत त्याला त्याची सवय लावावी आणि गावी तेच द्यावं.

चौदा किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम कोरडं खाणं लागतं. नेमकं प्रमाण पाकिटावर वजनानुसार दिलेलं असतं. सहा दिवसांचं दीड किलो आणि घाटात दरड कोसळून रस्ता बंद झालाच तर आणखी दोन दिवसांचं, म्हणजे दोन किलो पुरेत. मात्र मोठं पाकीट फोडून तसंच नेऊ नका. कोकणातल्या पावसाळी हवेत ते दोन-तीन दिवसांत सादळतं आणि त्याला खवट वास येतो. बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच कुत्रा वाटी हुंगून बाजूला होतो. एकेका दिवसाचं खाणं वेगळ्या झिपच्या पिशवीत भरून सगळ्या पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. याचा आणखी एक फायदा आहे. मोत्याला आज कोणी खायला घातलं आणि किती, हा सणाच्या घरात हमखास होणारा गोंधळ टळतो, कारण रिकामी पिशवी दिसते.

डब्यात एक चिठ्ठीही ठेवा आणि ती स्वयंपाकघरात लावा: मोत्याला खिरीतले बेदाणे, खिरापत, कांदा-लसणाचं काहीही, चॉकलेट देऊ नये. बेदाणे आणि मनुका हे वाचून पुष्कळांना नवल वाटतं. पण थोड्याशा बेदाण्यांनीही काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. कोणत्या कुत्र्याला किती बाधतील ते आधी सांगता येत नाही. आजी प्रेमाने हातावर खीर ठेवते, तिला हे आधी समजावून सांगितलेलं असलं पाहिजे.

पहाटे पाचला निघायचं असेल तर आदल्या रात्रीचं जेवण थोडं लवकर आणि नेहमीपेक्षा कमी द्यावं. सकाळी फक्त दोन-चार घोट पाणी. रस्त्यासाठी दोन लिटर पाणी आणि स्टीलची वाटी हाताशी हवी, डिकीत तळाशी नको. कुंभार्ली घाटातली वळणं सुरू झाली की कुत्र्याकडे लक्ष ठेवा. तोंडाला लाळ सुटणं, पुन्हा पुन्हा जांभया, ओठ चाटणं, अस्वस्थपणे उठबस ही मळमळीची चिन्हं आहेत आणि ती उलटीच्या बरीच आधी दिसतात. गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं उतरवलं तर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. ज्याला गाडी लागतेच त्याच्यासाठी डॉक्टर निघण्याआधी द्यायची उलटीची गोळी लिहून देतात; ती एकदा जवळच्या फेरीत देऊन बघावी. आपल्या पर्समधल्या पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला द्यायच्या नाहीत, त्या त्याला विषारी ठरतात. आणि प्रवासात शांत राहावा म्हणून गुंगीचं औषध आपल्या मनाने देऊ नये, त्याने तोल आणि शरीराचं तापमान दोन्ही बिघडतं.

गादीच्या बाबतीत सगळे जण एक गोष्ट हटकून करतात: प्रवासाला निघायचं म्हणून त्याची चादर स्वच्छ धुतात. ती धुवू नका. मोत्याला गावचं घर, पडवी, माणसं सगळं परकं असतं. ओळखीचा असतो तो त्या चादरीचा वास. घरात पोचल्यावर त्याला आत सोडण्याआधी त्याची जागा ठरवा. ती देवघरापासून लांब, माजघराच्या मागची खोली असली तर उत्तम. तिथे चादर, त्याचं चावायचं खेळणं आणि पाणी मांडून मग त्याला थेट तिथे न्या. आरतीच्या वेळी झांजा, ढोलकी आणि बाहेर फटाके सुरू झाले की तो तिथेच बसेल. दार बंद आणि पंखा चालू ठेवावा. घरी क्रेटची सवय असेल तर क्रेट न्या आणि तीन बाजूंनी जुना पडदा टाका. सवय नसेल तर गावी जाऊन पहिल्यांदा त्यात कोंबू नका. मांजर नेत असाल तर पिंजरा गाडीत कधीच उघडायचा नाही, आणि नेहमीच्या ट्रेमधली थोडी वापरलेली वाळू सोबत घ्यायची, म्हणजे नव्या जागी तिला शौचाची जागा कळते.

सणात कुत्री हरवतात ती बहुतेक वेळा फटाक्याला दचकून, मान मागे ओढून पट्ट्यातून निसटल्यामुळे. मानेच्या पट्ट्यात दोन बोटं जातील इतकीच ढील ठेवा आणि बाहेर नेताना दोरी छातीच्या हार्नेसला लावा. पट्ट्यावरच्या बिल्ल्यावर दोन नंबर हवेत. त्यातला एक गावातल्या कुणाचा तरी असावा, कारण तुमच्या फोनला तिथे रेंज असेलच असं नाही, आणि सापडलेल्या कुत्र्याला घेऊन बांधावर उभ्या असलेल्या माणसाला पुण्याचा नंबर ‘बंद आहे’ असं ऐकू येऊन उपयोग नाही.

बाकी पिशवीत एक चिमटा ठेवा. गवतातून फिरून आल्यावर रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड शोधायची. सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल लावणं किंवा काडीने भाजणं करू नये. गोचीड मारणारी महिन्याची गोळी किंवा मानेवर लावायचं औषध निघण्याआधी द्यावं. मानेवरचं औषध असेल तर त्याच्या आगेमागे दोन दिवस अंघोळ नको. कुत्र्यासाठीच्या अशा काही औषधांनी मांजराच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून घरात दोन्ही प्राणी असतील तर पाकिटं वेगळी ठेवा.

परत आल्यावर कार्डाच्या पाकिटात एक कागद घालून ठेवा: कोणत्या तारखांना कोकणात होतो, गोचीड सापडली का, डबक्यातलं पाणी प्यायला का. लेप्टो आणि गोचीडताप दोन्ही लगेच दिसत नाहीत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मोत्याने खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या फिक्या किंवा पिवळट दिसल्या, लघवी गडद झाली, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या आणि तो कागद आधी त्यांच्या हातात द्या.