‘आखाजीला देतो’ ही तारीख नाही: नात्यातल्या हातउसन्या पैशांची चिठ्ठी कशी लिहाल?

जळगाव-धुळ्याकडे नात्यात पैसे हातउसने घेताना परतफेडीचा वायदा ठरलेला असतो: ‘कापूस विकला की देतो’ किंवा ‘आखाजीला देतो’. सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं, जुने हिशेब तेव्हाच मिटतात, त्यामुळे बोलायला हा वायदा चांगला आहे. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तिथीने येते. २०२४ मध्ये ती १० मे रोजी होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. आणि कुठल्या वर्षीची आखाजी, हे तर बहुतेक वेळा कुणी बोलतच नाही.

तारखेचा एवढा आग्रह का, याचं उत्तर मुदतीच्या कायद्यात आहे. १९६३ च्या या कायद्यानुसार उसने दिलेले पैसे कोर्टात मागण्याची मुदत तीन वर्षं आहे. परतफेडीची तारीख लेखी नसेल, तर ही तीन वर्षं पैसे दिले त्या दिवसापासूनच मोजली जातात. नात्यात ‘यंदा पाऊस नाही, पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणत तीन हंगाम सहज निघून जातात. हप्त्यांच्या तारखा लिहून सही झालेली असेल, तर साधारणपणे प्रत्येक हप्त्याची मुदत त्याच्या तारखेपासून धरली जाते.

समजा, चोपड्याच्या भाच्याने ठिबकसाठी शिरपूरच्या मामांकडून ९० हजार रुपये घेतले. चिठ्ठी एवढीच पुरते:

“ती. मामांस, सा. न. वि. वि. मी आज दि. १० जून २०२६ रोजी आपल्याकडून रु. ९०,००० (अक्षरी नव्वद हजार फक्त) बिनव्याजी हातउसने, माझ्या बँक खात्यावर घेतले आहेत. परतफेड अशी करीन: १५ डिसेंबर २०२६ रोजी ३०,०००, १५ फेब्रुवारी २०२७ रोजी ३०,०००, ३१ मे २०२७ रोजी ३०,०००. त्याआधी दिले तरी चालेल, असं आपलं ठरलं आहे.”

खाली दोघांची पूर्ण नावं, गाव आणि सह्या. साक्षीदाराची सही कायद्याने सक्तीची नाही, पण दोन्ही घरांना जवळचं कुणी असेल तर घ्यावी. पहिले दोन हप्ते कापूस घरात येतो त्या महिन्यांत ठेवले आहेत, कारण जून-जुलैची तारीख शेतकऱ्याला पाळता येत नाही. ‘बिनव्याजी’ हा शब्द मात्र गाळू नका. सावकारीचा कायदा व्याजाने दिलेल्या कर्जाला लागू होतो, आणि या शब्दामुळे पुढे कुणाला ‘व्याज तोंडी ठरलं होतं’ असं म्हणायला जागा राहत नाही.

रक्कम खात्यावर घेतली, यालाही कारण आहे. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेतली, तर आयकर कायद्यानुसार घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. थोडे थोडे करून घेतले तरी आधीची बाकी धरूनच बेरीज होते. परत करतानाही हीच मर्यादा आहे. रोख घेण्याला एक सूट आहे: दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांपैकी कुणाचंही करपात्र उत्पन्न नसेल तर. मामा नोकरीत असून कर भरत असतील, तर ही सूट गेली.

आता स्टॅम्प. नुसतं ‘मी अमुक रक्कम देईन’ असं एकतर्फी, बिनशर्त लिहून दिलं, तर कोर्ट त्याला वचनचिठ्ठी मानू शकतं, आणि तिकिटाविना वचनचिठ्ठी दंड भरूनही पुराव्यात घेता येत नाही. दोघांच्या सह्यांच्या करारात कमी पडलेली स्टॅम्प ड्युटी दंडासह नंतर भरता येते. म्हणून रक्कम मोठी असेल, तर हाच मजकूर करारनामा म्हणून ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर घ्यावा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० चे ५०० झाले आहेत.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते चिठ्ठीनंतरच्या ओळींकडे. डिसेंबरमध्ये भाच्याने ३० ऐवजी २० हजारच दिले, तर त्याने चिठ्ठीखाली लिहावं: ‘आज २०,००० दिले, ७०,००० बाकी’, आणि तारखेसह सही करावी. मुदत संपण्याआधी केलेल्या अशा सहीपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. मुदत संपल्यावर नुसती ‘बाकी आहे’ ही कबुली पुरत नाही. ‘ही जुनी बाकी मी देईन’ असं नव्याने लिहून सही द्यावी लागते.

मामा नसले, तर मामींच्या हातात हाच कागद असतो. आणि भाच्याने सगळे फेडले असतील, तर त्याच्याकडेही कागद हवा. त्यामुळे चिठ्ठीच्या दोन प्रती करा, शेवटच्या हप्त्याला दोन्हींवर ‘पूर्ण पैसे मिळाले’ असं मामांकडून लिहून घ्या, आणि मूळ प्रत भाच्याने परत घ्यावी.